आजारपणाचे दिवस आणि मुदतवाढीचे दिवस सारखे नसतात

प्रश्न: मी शाळेतील आंतरवासितेच्या काळात आजारी पडले आहे, त्यामुळे कृती संशोधनाचा अहवाल ठरलेल्या तारखेला देता येणार नाही. मुदत वाढवून मिळावी म्हणून महाविद्यालयातील मार्गदर्शकांना पत्र कसे लिहावे? आजाराविषयी किती सांगावे?

पत्राचा मायना, विषय आणि सही यांची जागा तुम्हाला ठाऊक असणारच, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. अशा पत्रांत बहुतेकांची चूक आजाराच्या वर्णनात नसते, तारखेत असते. छात्राध्यापक दोन परिच्छेद ताप, अशक्तपणा आणि डॉक्टरांचा सल्ला यांवर खर्च करतात आणि शेवटी ‘तरी मला काही दिवसांची मुदत मिळावी, ही विनंती’ एवढे लिहून थांबतात. काही दिवस म्हणजे किती, ते कशाच्या आधारे, आणि तेवढ्या दिवसांत नेमके काय होणार, हे मार्गदर्शकांनी ओळखून घ्यावे अशी अपेक्षा असते. मार्गदर्शक मग सर्वांत सोपा हिशेब करतात: जितके दिवस आजारपण, तितके दिवस वाढ. हा हिशेब वरवर न्याय्य दिसतो, पण कृती संशोधनाच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे, आणि हे मी माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांना त्या वेळी तोंडावर सांगितले होते.

मला आंतरवासितेत कांजिण्या झाल्या. माझ्या वर्गातील मुले एकामागून एक घरी राहू लागली होती, आणि या रोगात संसर्ग झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, त्यामुळे मला तो कोणाकडून आला हे शोधण्यात अर्थ नव्हता. प्रौढांना कांजिण्या मुलांपेक्षा जड जातात, हे तेव्हा अंगावर समजले. परंतु माझ्या कामाच्या दृष्टीने खरा अडसर ताप हा नव्हताच. पुरळ उठण्याच्या एकदोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत रुग्णाकडून इतरांना लागण होऊ शकते, म्हणून ताप उतरून मी घरी बसून लिहू शकत होते तेव्हाही शाळेत पाऊल टाकू शकत नव्हते. आणि माझा प्रकल्प शाळेतच होता. जोडाक्षरांच्या लेखनातील चुका कमी करण्यासाठी मी आखलेल्या उपक्रमांपैकी काही झाले होते, बरेच राहिले होते, आणि वर्गाशिवाय त्यांतला एकही पुढे सरकणार नव्हता.

मी पत्रात उरलेल्या तासिका मोजून तारीख मागितली. माझ्या मार्गदर्शकांनी ते पत्र वाचून सांगितले की, आजारपण जेवढे तेवढीच सवलत, हाच सर्व विद्यार्थ्यांना समान न्याय. एकीला जास्त दिले तर उद्या सगळेच हिशेब घेऊन येतील. मी म्हटले, ‘सर, मला दिवस परत मिळतील, पण तासिका परत मिळणार नाहीत, वर्गाचे वेळापत्रक माझ्या आजारपणासाठी थांबलेले नाही.’ त्यांना हे उद्धट वाटले. माझ्या गटातील एका मैत्रिणीलाही वाटले, आणि ती आजही भेटली की सांगते की, मी नम्रपणे ‘आपण द्याल ती तारीख मान्य’ असे लिहिले असते तर सरांनी स्वतःहून जास्त दिले असते. मला हे मुळीच पटत नाही. नम्रता भाषेत असावी, हिशेबात नव्हे. जो माणूस तारीख देत नाही तो निर्णयाचा भार समोरच्यावर टाकतो, आणि कामाच्या रगाड्यातील प्राध्यापक तो भार सर्वांत छोट्या आकड्याने उतरवतात.

मला शेवटी आजारपणाइतकेच दिवस मिळाले. राहिलेले उपक्रम त्यात बसवण्यासाठी मी इतर शिक्षकांकडून खेळाच्या आणि ग्रंथालयाच्या तासिका मागून घेतल्या आणि जे काम आठवड्यांत पसरायला हवे होते ते सलग दिवसांत उरकले. मुले कंटाळली. लगेच उत्तरचाचणी घेतली, त्यामुळे गुण मात्र छान वाढलेले दिसले, कारण सलग सराव करून ताबडतोब चाचणी घेतली की गुण वाढतातच. ते किती टिकतात हे त्यातून कळत नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके हेच विचारले की, उपक्रम सुरुवातीला अंतराने आणि नंतर रोज का घेतले आहेत. मी कारण सांगितले. माझे मार्गदर्शक शेजारीच बसले होते आणि त्यांनी त्यावर काही बोलणे टाळले. पुढे मी शिक्षिका झाले, आता शाळेच्या बाजूने छात्राध्यापकांचे काम पाहते, आणि अशी पत्रे शाळेच्या सहीसाठी माझ्याकडे येतात, त्यामुळे हा वाद माझ्यापुरता अजून मिटलेला नाही.

आता तुमच्या पत्राकडे वळते. तुमचा विषय तुम्ही सांगितलेला नाही, म्हणून एक उदाहरण घेऊन हिशेब मांडते. समजा, इयत्ता सहावीत भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेवर कृती संशोधन आहे, कारण मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळी होतात. विषयशिक्षकांनी सोमवार, बुधवार आणि शुक्रवार अशा आठवड्याला तीन तासिका दिल्या आहेत. सोमवार, ३ नोव्हेंबरला पूर्वचाचणी, त्यानंतर नऊ उपक्रम-तासिका, २६ नोव्हेंबरला उत्तरचाचणी आणि ५ डिसेंबरला अहवाल, अशी मूळ आखणी होती. ५, ७ आणि १० तारखेच्या तीन तासिका झाल्या आणि ११ ते २० नोव्हेंबर असे दहा दिवस आजारपणात गेले. सहा तासिका राहिल्या. शाळेत परतल्यावर २१, २४, २६ आणि २८ नोव्हेंबरला चार तासिका मिळतात. मग १ ते ६ डिसेंबर शाळेची घटक चाचणी, त्या आठवड्यात तासिका नाही. उरलेल्या दोन ८ आणि १० डिसेंबरला, आणि उत्तरचाचणी १२ डिसेंबरला. म्हणजे आजारपण दहा दिवसांचे असूनही उत्तरचाचणी सोळा दिवस पुढे गेली. दिवसाला दिवस या हिशेबाने अहवालाची तारीख १५ डिसेंबर येते, आणि उत्तरचाचणीनंतर तपासणी, तक्ते, आलेख, अर्थनिर्वचन आणि निष्कर्ष यांसाठी तीन दिवस उरतात, ज्यांत शनिवार आणि रविवार आहेत.

मूळ आखणीत उत्तरचाचणीपासून अहवालापर्यंत नऊ दिवस होते, त्यामुळे २१ किंवा २२ डिसेंबर मागण्याचा मोह होईल. तो आवरा. प्रस्तावना, समस्येचे विधान, उद्दिष्टे, संबंधित वाचन आणि पूर्वचाचणीचे विश्लेषण ही प्रकरणे वर्गावर अवलंबून नाहीत. ती जुन्याच तारखेला देऊन टाका, आणि उरलेल्या भागासाठी एक आठवडा मागा. मार्गदर्शकांच्या हातात ५ डिसेंबरला काहीतरी पडते, तुमची मागणी १९ डिसेंबरवर येते, आणि ती का तेवढी आहे हे कोणालाही मोजून पाहता येते. पत्र साधारण असे होईल:

दि. १८ नोव्हेंबर

प्रति,
माननीय मार्गदर्शक महोदय,
कृती संशोधन विभाग

विषय: कृती संशोधन अहवाल सादर करण्याची मुदत ५ डिसेंबरऐवजी १९ डिसेंबर करण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या मार्गदर्शनाखाली इयत्ता सहावीच्या वर्गात भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेतील चुकांवर कृती संशोधन करीत आहे. आजारपणामुळे मी ११ नोव्हेंबरपासून शाळेत उपस्थित राहू शकलेले नाही. वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार मला २० नोव्हेंबरपर्यंत शाळेत जाता येणार नाही. प्रमाणपत्र आणि शाळेला दिलेल्या सूचनेची प्रत सोबत जोडली आहे.

पूर्वचाचणी आणि नऊपैकी तीन उपक्रम-तासिका पूर्ण झाल्या आहेत. माझ्या अनुपस्थितीत विषयशिक्षकांनी त्या वर्गात भूमितीचा घटक शिकवला असून अपूर्णांकांचा सराव घेतलेला नाही, असे त्यांनी मला कळवले आहे. त्यामुळे पूर्वचाचणीचे निष्कर्ष वापरता येतील. उरलेल्या सहा तासिका वर्गाच्या वेळापत्रकानुसार २१, २४, २६, २८ नोव्हेंबर आणि ८, १० डिसेंबर या दिवशी घेता येतील. १ ते ६ डिसेंबर या काळात शाळेची घटक चाचणी आहे. उत्तरचाचणी १२ डिसेंबरला होईल.

अहवालाची पहिली तीन प्रकरणे आणि पूर्वचाचणीचे विश्लेषण मी मूळ मुदतीत, म्हणजे ५ डिसेंबरला सादर करीन. उर्वरित अहवालासाठी १९ डिसेंबरपर्यंत मुदत मिळावी, ही नम्र विनंती.

ही तारीख देणे शक्य नसल्यास उपक्रम-तासिका नऊऐवजी सात करून उत्तरचाचणी ८ डिसेंबरला घेता येईल आणि अहवाल १५ डिसेंबरला देता येईल. मात्र त्या स्थितीत शाब्दिक उदाहरणांवरील शेवटच्या दोन तासिका वगळाव्या लागतील आणि तो बदल अहवालाच्या मर्यादांमध्ये नोंदवावा लागेल. यांपैकी कोणती आखणी स्वीकारावी, हे आपण २१ नोव्हेंबरपर्यंत कळवल्यास मला त्याप्रमाणे पुढील तासिका घेता येतील.

आपली विश्वासू,
(सही, नाव, हजेरी क्रमांक)

प्रत: शाळेतील समन्वयक शिक्षक

या पत्रात आजाराचे नावही नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. मार्गदर्शकांना तुम्हाला काय झाले होते यापेक्षा त्यामुळे कोणते काम अडले, हे कळणे आवश्यक आहे. नाव हवेच असेल तर ते प्रमाणपत्रावर असते. शाळेची गोष्ट मात्र वेगळी आहे. आजार संसर्गजन्य असेल तर शाळेला त्याच दिवशी आणि नाव घेऊन कळवा, मुदतवाढीच्या पत्राची वाट पाहू नका. कांजिण्यांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण ज्या गर्भवती शिक्षिकेला पूर्वी हा आजार झालेला नाही किंवा लस मिळालेली नाही, तिला संपर्क आल्याचे वेळीच समजले तर डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. मी आजारी पडले तेव्हा माझ्या मार्गदर्शकांना माझ्या फोडांची माहिती हवी होती आणि शाळेला कळवले आहे का, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. यावर मी अधिक काही लिहीत नाही.

अनुपस्थितीत वर्गात काय शिकवले गेले, हे वाक्य पत्रातून गाळू नका, कारण तेच तुम्हाला विषय कळतो याची खूण आहे. विषयशिक्षकांनी तुमच्या गैरहजेरीत तोच घटक पुढे शिकवला असेल, तर पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांतील फरक तुमच्या उपक्रमांमुळे पडला की त्यांच्या शिकवण्यामुळे, हे सांगता येणार नाही. तसे झाले असल्यास लपवू नका. परतल्यावर पहिल्याच तासिकेत छोटी मधली चाचणी घेण्याची परवानगी त्याच पत्रात मागा. तिच्यासाठी एक तासिका जाईल, म्हणजे उरलेले सर्व एका तासिकेने पुढे सरकेल, आणि तारखेचा हिशेब त्यानुसार बदला. माझ्याकडे सहीसाठी आलेल्या पत्रांत हा मुद्दा जवळजवळ कधीच नसतो. मार्गदर्शकांना तो पत्र वाचताना नव्हे, तर अहवाल हाती आल्यावर सापडतो, आणि तोपर्यंत वर्ग पुढच्या घटकावर गेलेला असतो.

प्रमाणपत्र पहिल्याच भेटीत मागून घ्या. बरे झाल्यावर जाऊन मागच्या तारखांचे प्रमाणपत्र मागितले, तर प्रामाणिक डॉक्टर त्यांनी स्वतः तपासलेल्या दिवसाविषयीच लिहून देतात, आणि मागची तारीख टाकून देणारे डॉक्टर तुमच्या अडचणीत भर घालतात. तपासणीची तारीख, विश्रांतीचा कालावधी, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक एवढे त्यावर असावे. प्रमाणपत्रातील तारखा आणि शाळेच्या हजेरीपत्रकातील तुमच्या गैरहजेरीच्या तारखा जुळल्या पाहिजेत. पत्र संशयास्पद वाटण्याचे माझ्या पाहण्यातील सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे: प्रमाणपत्र सोमवारपासूनचे असते आणि हजेरीपत्रकावर सोमवारी सही असते, कारण त्या दिवशी छात्राध्यापिका अर्ध्या वेळेत ताप आल्यामुळे घरी गेलेली असते. असे असेल तर पत्रात एका वाक्यात लिहा; न लिहिल्यास त्या विसंगतीचा अर्थ दुसरे कोणीतरी लावते.

पत्र कधी द्यावे, याविषयी माझे मत ठाम आहे. पहिल्या दिवशी दोन ओळींचा निरोप आणि परतण्याची तारीख कळताच हे सविस्तर पत्र. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी दिलेल्या पत्रात कारण कितीही खरे असले तरी पर्यायांवर विचार करायला वेळ उरलेला नसतो. वरच्या उदाहरणातील सात तासिकांचा पर्याय १८ नोव्हेंबरला निवांत तोलून पाहता येत होता, ४ डिसेंबरला तो दिला असता तर मार्गदर्शकांना विचार करायला एकच दिवस उरला असता.

काही गोष्टी राहिल्या. अहवालाची मुदत वाढली म्हणजे शाळेतील उपस्थितीची तूट भरून निघाली, असे होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो आणि तो बहुधा वेगळ्या व्यक्तीकडे जातो, त्यामुळे दोन्ही मागण्या एका पत्रात घालू नका. तुमच्या अहवालाचे गुण ठरावीक दिवसापर्यंत परीक्षा विभागाकडे जायचे असतील, तर मार्गदर्शकांना त्यापुढची तारीख देण्याचा अधिकारच नसतो. तेव्हा आधी ती शेवटची तारीख विचारा आणि तुमची मागणी तिच्या आत बसत नसेल तर पत्र मार्गदर्शकांमार्फत प्राचार्यांकडे पाठवण्याची विनंती करा. आणि हेही मान्य केले पाहिजे की, हा सगळा हिशेब वर्गावर अवलंबून असलेल्या कामालाच लागू आहे. आंतरवासितेची दैनंदिनी किंवा चिंतनात्मक लेखन राहिले असेल, तर जितके दिवस आजारपण तितके दिवस वाढ हे अगदी रास्त आहे, आणि तिथे माझ्या मार्गदर्शकांशी माझा वाद नाही.

मार्गदर्शकांनी भेटीत किंवा दूरध्वनीवर ‘ठीक आहे’ म्हटले, तर त्याच दिवशी ‘आपण १९ डिसेंबर ही तारीख मान्य केल्याप्रमाणे मी आखणी करीत आहे’ असे लेखी कळवा आणि त्याची प्रत शाळेतील समन्वयकांनाही द्या, कारण ८ आणि १० डिसेंबरच्या तासिका तुमच्यासाठी त्यांनीच राखून ठेवायच्या आहेत.